फोंड्यात घरून डब्यांचा व्यवसाय: जागा ठरवण्याआधी घरपट्टीची पावती मागा

२०२२ च्या शेवटी आम्ही सावंतवाडीहून फोंड्याला बिऱ्हाड हलवलं. नवऱ्याची नोकरी बेतोड्याच्या औद्योगिक वसाहतीत. तिथल्या माणसांना दुपारचं जेवण हवं असतं, हे त्याच्याकडून रोज ऐकत होते, म्हणून मी घरून डबे द्यायचं ठरवलं. स्वयंपाकाची भीती नव्हती. गोंधळ झाला तो जागेचा आणि परवान्यांचा. भाड्याचं घर आवडलं, अनामत दिली, सामान लावलं, आणि मग कळलं की त्या घराच्या कागदांवर मला स्थानिक परवाना लगेच मिळणार नाही. सात आठवडे त्यात गेले. नव्याने फोंड्यात येऊन घरातूनच खाद्यपदार्थांचा छोटा व्यवसाय करू पाहणाऱ्यांचे हे आठवडे वाचावेत म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे. म्हापसा किंवा मडगावला वस्त्यांची नावं बदलतील, पण क्रम साधारण हाच राहील.

१. आधी ठरवा: गरम डबा की पाकीटबंद फराळ

वस्ती कोणती घ्यायची, हे तुम्ही काय विकणार यावर अवलंबून आहे. गरम डबा ठरावीक वेळेत पोचला पाहिजे, त्यामुळे गिऱ्हाईक आणि स्वयंपाकघर यांच्यामधला रस्ता महत्त्वाचा. चकल्या, लाडू, चतुर्थीच्या नेवऱ्या म्हणजे करंज्या विकायच्या असतील तर घर कुठेही चालेल, पण कोरडी जागा हवी. गोव्याच्या पावसात जून ते सप्टेंबर ओल भिंतीतून येते आणि कुरकुरीत माल दोन दिवसांत मऊ पडतो.

मी डब्यांचं ठरवलं. फोंड्यात डब्याची गिऱ्हाईकं ढोबळमानाने तीन ठिकाणी आहेत. बेतोडा, कुंडई, मडकई इथल्या औद्योगिक वसाहती, फर्मागुढीचा कॉलेजांचा परिसर, आणि तिस्क ते वरचा बाजार या पट्ट्यातली दुकानं, बँका, कचेऱ्या. तिन्हीकडे एकाच वेळी पोचायचं स्वप्न पाहू नका. सगळ्यांची जेवणाची सुट्टी साडेबारा ते दीडच्या आत येते, आणि स्कूटर एकच असते. मी बेतोडा धरलं, म्हणजे मला शहराच्या कुर्टीकडच्या बाजूला राहायला हवं होतं, दुपारी बाजारातून स्कूटर काढावी लागू नये म्हणून. कॉलेजची मुलं धरली असती तर उलट फर्मागुढीच्या अंगाला बघितलं असतं.

आणखी एक गोष्ट इथेच ठरवा: मासळी देणार का? गोव्यात दुपारचा डबा नुस्त्याशिवाय फार दिवस चालत नाही. सोमवारी आणि सणावारी शिवराक म्हणजे शाकाहारी जेवण लागतं, बाकी दिवशी तळलेला बांगडा नसला तर गिऱ्हाईक दुसरीकडे बघतं. पण मासळी धुतलेलं पाणी, खवलं आणि वास यामुळेच शेजाऱ्यांची तक्रार पंचायतीपर्यंत जाते. भिंतीला भिंत लागून असलेल्या फ्लॅटमध्ये मासळीचा डबा करणं अवघड आहे. मला मासळी द्यायची होती, त्यामुळे फ्लॅट माझ्या यादीत आपोआप मागे पडले.

२. पत्ता ‘फोंडा’ म्हणजे पालिका असं नाही

नव्या माणसाला हे कोणी सांगत नाही. पोस्टाचा पत्ता ‘फोंडा, ४०३४०१’ असला तरी घर फोंडा नगरपालिकेच्या हद्दीत असेलच असं नाही. शहराला लागून कुर्टी-खांडेपार, बांदोडा, कवळे अशा पंचायती आहेत. दुकानं सलग, घरं सलग, मधे कुठेही रेघ दिसत नाही. खडपाबांध, शांतीनगर पालिकेत येतात, आणि नागझर, जे बोलताना सगळे फोंडाच म्हणतात, ते कुर्टी-खांडेपार पंचायतीत. पालिका वेगळ्या कायद्याखाली चालते, पंचायत वेगळ्या. परवान्याचा अर्ज कुठे द्यायचा, कोणाच्या सहीने निघतो, किती दिवस लागतात, हे सगळं त्यावर ठरतं.

हद्द ओळखायचा सोपा उपाय म्हणजे घरपट्टीची पावती. घर पाहायला गेलात की भाड्याची बोलणी करण्याआधी मालकाकडे चालू वर्षाची पावती मागा. पावतीवर तीन गोष्टी वाचा.

पहिली, पावती कोणाची आहे, पालिकेची की पंचायतीची, आणि कोणत्या.

दुसरी, घर क्रमांक. तुम्ही भाड्याने घेत असलेल्या भागाला स्वतःचा क्रमांक आहे का? जुन्या घराला मागून वाढवलेली खोली, गॅरेजचं केलेलं स्वयंपाकघर, गच्चीवरचं पत्र्याचं शेड अशा जागांना बऱ्याचदा घर क्रमांक नसतो. क्रमांक नाही म्हणजे त्या जागेवर परवाना मागता येत नाही, मालक कितीही भला असो.

तिसरी, नाव. पावतीवर ज्याचं नाव आहे तो माणूस हयात आहे का? हा प्रश्न विचारायला जड वाटतो, पण मी तो विचारला नाही म्हणूनच अडकले. गोव्यात वडिलोपार्जित घराची पावती वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर वर्षानुवर्षं तशीच चालू असते. कर भरला जातो, नाव बदललं जात नाही. इथल्या नागरी कायद्यात नवरा-बायकोची मालमत्ता सर्वसाधारणपणे सामाईक असते, आणि एकजण गेल्यावर अर्धा वाटा जोडीदाराचा, उरलेला वारसांचा. ‘इन्व्हेंटरी’ म्हणजे वारसांतल्या वाटणीची कायदेशीर प्रक्रिया होऊन वाटण्या झालेल्या नसतील तर तुमच्याशी बोलणारा मुलगा त्या घराचा एकटा मालक नसतो. त्याने एकट्याने दिलेलं ना हरकत पत्र कचेरीत पुरत नाही.

घर मुंडकारी असेल, म्हणजे भाटकाराच्या, जमीनमालकाच्या, जमिनीवर मुंडकाराचं राहतं घर, तर तेही आधीच स्पष्ट विचारून घ्या. जमीन कोणाची, हे ‘फॉर्म १ आणि १४’ या सर्वे उताऱ्यावर दिसतं. मालकाला त्याची प्रत मागा. प्रत देताना तो कुरकुरला तर ते घर सोडलेलं बरं.

३. माझी तीन घरं

मी तीन जागा पाहिल्या. तिन्ही सांगते, म्हणजे निवड कशी करायची ते कळेल.

पहिली खडपाबांधला, सोसायटीत पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट. पावती पालिकेची, मालकाच्या स्वतःच्या नावाची, कागद स्वच्छ. पण सोसायटीचं ना हरकत पत्र लागणार होतं आणि सेक्रेटरींनी सांगितलं की समितीसमोर विषय ठेवू, पण मासळी आणि मोठा सिलिंडर नको. तोंडी ‘करा हो, कोण विचारतंय’ म्हणणारी सोसायटी जास्त धोक्याची असते. या सेक्रेटरींनी स्पष्ट सांगितलं म्हणून मी त्यांची आभारी आहे.

दुसरी शांतीनगरला, तळमजल्यावरचा फ्लॅट. इथे कागदही ठीक होते. मी मार्चमध्ये गेले होते. शेजारच्या बाईंना विचारलं, एप्रिल-मेमध्ये पाणी कसं येतं? त्या म्हणाल्या, “येतं, पण पहाटे. टाकी भरून ठेवावी लागते, आणि टाकी सगळ्यांची मिळून एक.” राहायला चाललं असतं. तीस डब्यांची भांडी घासायला चाललं नसतं.

तिसरी नागझरला, चिऱ्यांच्या जुन्या कौलारू घराचा अर्धा भाग. स्वतंत्र दार, मागे परसू, नळ आणि विहीर दोन्ही. बेतोड्याचा रस्ता जवळ. भाडंही कमी. मी तिथल्या तिथे होकार दिला आणि दोन महिन्यांची अनामत दिली. पावती पाहिली होती, पंचायतीची होती, घर क्रमांक होता. नाव मात्र मालकाच्या वडिलांचं होतं आणि ते वारून सहा वर्षं झाली होती, हे मला अर्ज परत आल्यावर कळलं.

पंचायतीत अर्जाबरोबर मालकाचं ना हरकत पत्र जोडलं होतं. तिथल्या कारकुनांनी पावती आणि पत्र शेजारी ठेवलं आणि विचारलं, “सही करणारे हे कोण?” मग आई, दोन भाऊ आणि लग्न झालेली बहीण या सगळ्यांच्या सह्या लागल्या, शिवाय वडिलांचा मृत्यूचा दाखला. एक भाऊ कुवेतला. त्याने फोनवर फोटो पाठवलेली सही चालली नाही. तो गणपतीला येणार होता. शेवटी आईच्या नावाने त्याने आधी करून दिलेलं मुखत्यारपत्र कपाटातून सापडलं आणि काम झालं. माझा वेळ सगळ्यात जास्त गेला तो इथे.

म्हणून माझं सांगणं असं: घर आवडलं तर अनामत देण्याआधी मालकाला म्हणा, की मी या पत्त्यावर खाद्यपदार्थांचा व्यवसाय करणार आहे, मला सर्व सहमालकांच्या सहीचं ना हरकत पत्र लागेल, ते मिळालं की अनामत देते. भाडेकरारातही ‘राहण्यासाठी आणि घरगुती खाद्यपदार्थ बनवण्यासाठी’ असे शब्द घाला. नुसतं ‘राहण्यासाठी’ लिहिलेला करार नंतर तुमच्याच विरोधात वाचला जातो. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देणं हे मालकाचं काम आहे. त्याने ती दिल्याची पोच घेऊन तुमच्या फाइलला लावा.

४. घरातच पाहायच्या गोष्टी: पाणी, सांडपाणी, छत, गॅस

कागद जुळले की मग स्वयंपाकघर पाहा, आणि ते अन्न सुरक्षा अधिकाऱ्याच्या नजरेने पाहा.

पाणी. फोंड्याला नळाचं पाणी खांडेपार नदीवरच्या ओपा प्रकल्पातून येतं. स्वयंपाकाला तेच वापरा. परसात विहीर असली की मालक अभिमानाने सांगतो की आमच्या विहिरीचं पाणी मिनरल वॉटरसारखं आहे. ते खरंही असेल, पण चिऱ्याचा दगड सच्छिद्र असतो आणि पावसाळ्यात शोषखड्ड्यातलं पाणी त्यातून सहज वाहत जातं. विहीर आणि सेप्टिक टाकी यांच्यात निदान पन्नास-साठ फूट अंतर आहे का ते चालून बघा. विहिरीचं पाणी अन्नाला वापरायचंच असेल तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासून अहवाल फाइलला लावा, आणि तपासणी पावसाळ्यात करा. मे महिन्यातला चांगला अहवाल जुलैचं काही सांगत नाही. मी विहिरीचं पाणी फक्त अंगण धुण्याला आणि झाडांना ठेवलं.

सांडपाणी. चारजणांच्या कुटुंबासाठी खणलेला शोषखड्डा तीस डब्यांचं तेलकट पाणी पेलत नाही. तेल मातीची छिद्रं बुजवतं आणि पाणी जिरायचं थांबतं. हे लगेच कळत नाही. उन्हाळ्यात सगळं ठीक वाटतं आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मोरीतून पाणी उलट येतं. घर बघताना खड्ड्याच्या झाकणाभोवतीची जमीन बघा. तिथे काळपट ओला पट्टा किंवा भर उन्हाळ्यात हिरवंगार गवत असेल तर खड्डा भरलेला आहे. सिंकच्या पाइपला घरात असतानाच एक तेल अडवणारी पेटी बसवा. माझ्याकडे प्लास्टिकची दोन कप्प्यांची आहे, आठवड्यातून एकदा वरचा तवंग काढून कचऱ्यात टाकावा लागतो. आणि पातेली-कढया धुण्याआधी कागदाने पुसून घ्यायची सवय लावा, खड्डा त्यानेच वाचतो.

छत. कौलारू घर दिसायला सुंदर, पण कौलांमधून धूळ पडते आणि पालीही पडतात. अधिकारी आल्या तेव्हा त्यांनी शेगडीच्या वर बघून पहिलं हेच सांगितलं. मी स्वयंपाकाच्या भागावर गुळगुळीत पांढरे फॉल्स सीलिंगचे पत्रे लावून घेतले आणि खिडकीला बारीक जाळी. हा खर्च मालकाशी आधी बोलून घ्या. मी बोलले नव्हते, सगळा माझ्या खिशातून गेला.

गॅस. घरगुती लाल सिलिंडर, १४.२ किलोचा, व्यवसायाला वापरणं नियमाविरुद्ध आहे. निळा १९ किलोचा घ्यावा लागतो आणि तो एजन्सीतून स्वतंत्र जोडणीवर मिळतो. तो जड असतो आणि त्याला हवेशीर, जमिनीपातळीवरची जागा लागते. म्हणूनच तळमजला पाहा म्हणते. पहिल्या मजल्यावर तो उचलून नेणारा माणूस दर वेळी मिळत नाही.

५. फाइल तयार करा

अर्जाला हात लावण्याआधी हे सगळं एका फाइलमध्ये आणि फोनमध्ये स्कॅन करून ठेवा:

- आधार आणि पॅन. आधारवर दुसऱ्या गावचा पत्ता असला तरी ओळखीसाठी चालतो, व्यवसायाच्या जागेचा पुरावा मात्र वेगळा द्यावा लागतो
- पासपोर्ट आकाराचे फोटो
- भाडेकरार, व्यवसायाचा उल्लेख असलेला
- चालू वर्षाची घरपट्टीची पावती
- सर्व सहमालकांचं ना हरकत पत्र, आणि फ्लॅट असेल तर सोसायटीचं
- वीज बिलाची प्रत
- स्वयंपाकघराचा हाताने काढलेला नकाशा, लांबी-रुंदीसह
- पदार्थांची यादी
- अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाचा वैद्यकीय दाखला. स्वयंपाक करणारे, भरणारे, भांडी घासणारे सगळे त्यात येतात. तपासणी दर वर्षी करायची असते, आणि विषमज्वराची लस घेतल्याची नोंद असावी

६. एफएसएसएआयची नोंदणी

एफएसएसएआय म्हणजे अन्न सुरक्षेचं केंद्रीय प्राधिकरण. मी हे पंचायतीच्या आधी केलं, कारण याला कागद कमी लागतात आणि पंचायतीत पुढे हा क्रमांक विचारतात.

अर्ज `foscos.fssai.gov.in` या एकाच सरकारी संकेतस्थळावर होतो. शोधायला गेलात तर तसंच नाव आणि तसाच रंग असलेली खाजगी संकेतस्थळं वर येतात. ती तुमचा फोन नंबर घेतात आणि नोंदणीचे दीड-दोन हजार मागतात. २०२३ मध्ये मी भरलं तेव्हा सरकारी शुल्क वर्षाला १०० रुपये होतं. मी पाच वर्षांचे ५०० एकदम भरले. पत्त्याच्या शेवटी `gov.in` नसेल तर पान बंद करा. छोट्या उद्योगांसाठी असलेल्या उद्यम नोंदणीचंही असंच आहे. ती `udyamregistration.gov.in` वर पूर्ण मोफत होते.

नोंदणी की परवाना, हे वार्षिक विक्रीवर ठरतं. तेव्हा १२ लाखांपर्यंत साधी नोंदणी होती. अर्ज भरता त्या दिवशी पानावर दिसणारी मर्यादा धरा. हिशेब नफ्याचा नव्हे, विक्रीचा करायचा. माझा असा होता: ३० डबे, ९० रुपयांचा एक, महिन्याचे २६ दिवस. म्हणजे महिन्याला ७०,२०० आणि वर्षाला ८,४२,४०० रुपये. ४५ डबे झाले असते तर हाच आकडा १२,६३,६०० झाला असता, मर्यादेच्या वर. वाढण्याचा विचार असेल तर ही बेरीज आधीच करून बघा.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या व्यवसायाचा प्रकार निवडताना. गरम जेवण, डबे हे `Food Services` मध्ये येतं. पाकीटबंद चकली, लाडू हे `Manufacturer` मध्ये. दोन्ही करणार असाल तर एकाच पत्त्यावर, एकाच अर्जात दोन्ही निवडा. माझ्या ओळखीच्या एका ताईंनी फक्त डब्यांचा प्रकार निवडला, मग चतुर्थीला नेवऱ्यांची पाकिटं एका दुकानात ठेवली. दुकानदाराने प्रमाणपत्र बघितलं आणि माल परत दिला, ऐन हंगामात.

पत्ता लिहिताना घरपट्टीच्या पावतीवर आहे तसाच लिहा, घर क्रमांक आणि वाड्याच्या नावासह. करारात ‘नागझर, कुर्टी’ आणि अर्जात ‘फोंडा शहर’ असं झालं की शंका निघते आणि अर्ज तुमच्याकडे परत येतो. परत आलेल्या अर्जाचा संदेश ईमेलवर येतो, म्हणून रोज वापरता तोच ईमेल द्या.

नियमाप्रमाणे सात दिवसांत नोंदणी मिळते, नाकारली जाते किंवा पाहणीची सूचना येते. गोव्यात हे काम अन्न आणि औषध प्रशासनाचं, त्यांचं मुख्य कार्यालय बांबोळीला आहे. माझ्याकडे पाहणी झाली. अधिकाऱ्यांनी बघितलं ते असं: झाकण असलेली कचऱ्याची पेटी, कच्ची मासळी आणि शिजलेलं अन्न फ्रिजमध्ये वेगळं आहे का, हात धुण्याचं बेसिन भांडी घासण्याच्या सिंकहून वेगळं आहे का, पाणी साठवायच्या भांड्याला झाकण आणि नळ आहे का. एक प्रश्न त्यांनी विचारला ज्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं: भात किती वाजता शिजतो आणि खाल्ला किती वाजता जातो? गरम अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर राहिलं पाहिजे. माझा भात साडेनऊला तयार होत होता आणि एक वाजता खाल्ला जात होता, तोवर कोमट. तेव्हापासून भात अकराला लावते, डबे फोमच्या पेटीत भरते, आणि सुईचा थर्मामीटर घेतला आहे, तीनेकशे रुपयांना मिळतो.

नोंदणी क्रमांक १४ आकडी असतो आणि नोंदणीचा असेल तर २ ने सुरू होतो. कोणी तुम्हाला आपला क्रमांक वापरायला देऊ केला तर घेऊ नका. क्रमांक पत्त्याला बांधलेला असतो.

७. पंचायतीचा किंवा पालिकेचा परवाना

एफएसएसएआयचा कागद हातात आला की बरेच जण इथेच थांबतात. तो कागद अन्नाच्या सुरक्षिततेपुरता आहे. त्या घरात व्यवसाय करायची परवानगी स्थानिक संस्था देते.

पंचायतीत अर्ज सचिवांच्या नावे जातो. सोबत फाइलमधले सगळे कागद आणि तुमच्या भागातल्या सरकारी आरोग्य केंद्राचा ना हरकत दाखला. या दाखल्यासाठी आरोग्य केंद्रात आधी स्वतंत्र अर्ज द्या. तिथून स्वच्छता निरीक्षक घरी येतात आणि मुख्यतः शौचालय, सांडपाणी आणि डास होतील अशी साठलेली भांडी बघतात. परसातले जुने टायर आणि करवंट्या त्याआधी काढून टाका.

अर्ज देताना आवक क्रमांक आणि शिक्क्याची प्रत घ्या. ‘ठेवून जा, बघतो’ म्हटलं तरी क्रमांक घेतल्याशिवाय उठू नका. अर्ज पंचायत मंडळाच्या पंधरवडी बैठकीत ठेवला जातो, म्हणून पुढची बैठक कधी आहे हे विचारून त्याच्या चार-पाच दिवस आधी अर्ज द्या. मी बैठकीच्या दुसऱ्या दिवशी दिला होता, पंधरा दिवस तसेच गेले. बैठकीआधी शेजारच्या दोन-तीन घरांना स्वतः जाऊन भेटा. मासळीचा कचरा कुठे जाणार, सकाळी किती वाजता आवाज सुरू होणार, ते सांगा. मी शेजारच्या आजींना सांगितलं की कचरा बंद डब्यात राहील आणि परसात टाकणार नाही. माझ्या अर्जावर हरकत आली नाही. ठराव मंजूर झाला की शुल्क भरायचं आणि परवाना घ्यायचा.

पालिकेच्या हद्दीत असाल तर अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे, कागद जवळपास हेच. काही सेवा `goaonline.gov.in` वरूनही होतात, पण ऑनलाइन भरलं तरी एकदा मूळ कागद घेऊन कचेरीत जाऊन या. उणीव असेल तर ती समोरासमोर पाच मिनिटांत कळते.

८. सुरू झाल्यावर

नोंदणीचं प्रमाणपत्र स्वयंपाकघरात दिसेल असं लावा. पाकिटं दुकानात ठेवणार असाल तर लेबलावर एफएसएसएआय क्रमांक, शाकाहाराची हिरवी खूण, घटक, निव्वळ वजन, बनवल्याची आणि संपण्याची तारीख, तुमचा पत्ता हवा. शिवाय वजनमापे खात्याकडे पॅकर म्हणून नोंद करावी लागते. नुसते डबे देत असाल तर ही कटकट नाही. पगारी मदतनीस ठेवलात तर कामगार खात्याच्या कार्यालयात दुकाने व आस्थापना कायद्याखालच्या नोंदणीची चौकशी करा.

घर बदललंत तर नोंदणी सोबत येत नाही. नवा पत्ता म्हणजे नवा अर्ज, पंचायतीतही आणि एफएसएसएआयकडेही. म्हणून भाडेकरार अकरा महिन्यांचा असला तरी नूतनीकरणाचं कलम त्यात लिहून घ्या.

परवान्यावर ‘पर्यंत वैध’ पुढची तारीख घरी येऊन नव्हे, खिडकीवरच वाचा. परवाना बारा महिन्यांचा आहे की आर्थिक वर्ष संपेपर्यंतचा, हे कारकुनांना विचारा. मी फोनमध्ये त्या तारखेच्या एक महिना आधीची आठवण लावली आहे. त्या आठवड्यात मालकाकडून नव्या वर्षाची घरपट्टी भरून घेते, पावतीची प्रत काढते, आणि जुन्या परवान्यासोबत पंचायतीत देऊन येते.